कव्हरवरचे गुरुजी

डीव्हीडीचं कव्हर करणं हे माझ्या धंद्यातलं सगळ्यात सोपं काम, असं मी बरीच वर्षं मानत होतो. अकोल्यात माझं व्हिडिओचं दुकान. लग्नं, बारशी, मुंजी, सत्कार, जे येईल ते शूट करायचं आणि दुकानातल्या कॉम्प्युटरवर जोडायचं. कॅसेटच्या जमान्यात कव्हरचा प्रश्नच नव्हता. पाठीवर चिठ्ठी डकवली, नाव लिहिलं, की झालं. मग डीव्हीडी आल्या, त्यांची ती काळी प्लास्टिकची डबी आली, आणि डबीवर चित्र पाहिजे असं लोकांना वाटू लागलं. तीन तासांचं लग्न कोणी पुन्हा पाहत नाही. पण डबी शोकेसमध्ये उभी राहते आणि येणारा-जाणारा तिच्याकडे बघतो.

लग्नाची फ्रेम निवडायला मला दहा मिनिटं पुरायची. हार घालून झाला की नवरा-नवरी क्षणभर स्तब्ध होतात, तिथे थांबायचं. दोघांचे डोळे उघडे, दोघांची तोंडं बंद, मागे भटजी जांभई देत नाही ना, एवढं पाहिलं की काम फत्ते. या कामात मी हुशार आहे असा माझा समज होता. समज गुरुजींनी मोडला, आणि तोही ते हयात नसताना.

गुरुजी तेल्हाऱ्याकडच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत होते. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले तेव्हा गावाने सत्काराचा घाट घातला. समितीने मला बोलावलं. मे महिना, शाळेच्या हॉलमध्ये टिनाचं छप्पर, पंख्यांपेक्षा माणसं जास्त. प्रमुख पाहुणे म्हणून भागातले एक पुढारी यायचे होते. समितीच्या अध्यक्षांनी मला दारातच बाजूला घेतलं आणि सांगितलं, "भाऊ, साहेब सुटले नाही पाहिजेत." साहेब सुटले नाहीत. ते गाडीतून उतरले तिथपासून परत गाडीत बसेपर्यंत माझा कॅमेरा त्यांच्या मागे होता. या कामात मला कोणी नावं ठेवू शकत नाही.

डीव्हीडी जुलैत तयार झाली. समितीने कव्हरही पसंत केलं. साहेब गुरुजींना शाल पांघरवताहेत, साहेबांचा चेहरा झकास आलेला, वरती त्यांचं नाव ठळक. गुरुजी त्यात होते, म्हणजे त्यांची पाठ होती आणि एक कान होता. तेव्हा मला त्यात वावगं काही दिसलं नाही.

पोळ्याच्या सुमारास गुरुजी गेले. पोटाचं दुखणं होतं, सत्काराच्या वेळीही असणार. अमरावतीच्या दवाखान्यात दीड महिना होते. हे मला त्यांच्या बायकोने सांगितलं, त्या दुकानात आल्या तेव्हा. उन्हातून आल्या होत्या. पांढऱ्या साडीचा पदर डोक्यावर आणि हातात माझीच डबी. खुर्ची दिली तर टोकावर बसल्या.

"भाऊ, हे तुमीच केलं न?"

"हो काकू. काही बिघडलं का? चालत नाही का डिस्क?"

"चालते. पोराच्या घरी पाह्यली." त्यांनी डबी काउंटरवर ठेवली आणि कव्हर माझ्याकडे फिरवलं. "यायचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम हाये पुढच्या महिन्यात. सगे-सोयरे येतीन. सगळ्याईले एक-एक द्यायची म्हणून ठरवलं पोरानं. पण हे देऊ कसं? याच्यावर हे नाहीतच."

मी म्हटलं, फोटो द्या एखादा, मी लावून देतो. त्यांनी पिशवीतून एक पासपोर्ट फोटो काढला. सर्व्हिस बुकातला. काळा-पांढरा, मान ताठ, श्वास रोखलेला.

"हा सरकारचा माणूस हाये," त्या म्हणाल्या. "आमचे हे असे नव्हते."

दुसरा फोटो नाहीच का, असं मी विचारलं. नव्हता. लग्न सदुसष्ट सालचं. अकोल्याहून फोटोवाला आणला होता, गुरुजींनी खास हौसेने. त्याने दिवसभर फोटो काढले आणि रोल बदलताना डबा उजेडात उघडला. सगळं पांढरं. त्यानंतर गुरुजींनी हौस केली नाही. शाळेच्या सहलीचे फोटो तेच काढायचे, त्यामुळे सहलीच्या एकाही फोटोत ते नव्हते. हे सांगताना काकू हसल्या. मग त्यांनी आणखीही बरंच सांगितलं, विचारलं नसताना. सासऱ्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा गुरुजी अकरा वर्षांचे होते. त्याच्या आधी वर्गात दाराजवळ बसायचे, चपलांच्या शेजारी. तिथे बसून शिकले आणि पुढे त्याच तालुक्यात मास्तर झाले. घराण्यातला पहिला पगार त्यांचा.

"तुमच्या त्या व्हिडिओत दोन तास हाये न हो? मले त्यातला यायचा एक चेहरा काढून द्या. बघता यीन असा. बस."

मी म्हटलं, हातचा मळ आहे काकू. परवा या.

त्या गेल्यावर मी फाईल उघडली आणि बसलो. व्हिडिओत एका सेकंदाला पंचवीस फ्रेम असतात. जवळजवळ दोन तासांचा कार्यक्रम. एवढ्या ढिगात ज्याचा सत्कार आहे त्या माणसाचा एक चेहरा सापडणार नाही, असं कोणाच्या मनात येईल? पहिल्या तासाभरात माझ्या मनात आलं.

गुरुजी होते सगळीकडे. पण हार घातला तेव्हा हाराने हनुवटीपासून नाकापर्यंत झाकलं. शाल पांघरवली तेव्हा साहेबांचं कोपर आडवं आलं. पेढा भरवला तेव्हा तोंड उघडं. भाषणाला उभे राहिले तेव्हा समोर माईक, आणि माईक कसा लावलेला, तर अगदी ओठांवर. आणि जिथे समितीचे लोक ओरडले की "गुरुजी, इकडे पाहा," तिथे प्रत्येक वेळी त्यांचे डोळे मिटलेले. मी एक-एक फ्रेम पुढे सरकवत होतो. मिटलेले, अर्धे मिटलेले, उघडू लागलेले, आणि उघडले की माझा कॅमेरा साहेबांकडे निघालेला. बरोबर त्याच वेळी. दर वेळी. मी मुद्दाम केलं असतं तरी इतकं नेमकं जमलं नसतं.

त्यातून धंद्याची एक अडचण. त्या कॅमेऱ्यात एक फ्रेम म्हणजे दोन अर्ध्या फ्रेमा असतात, एकीत एकाआड एक ओळी, दुसरीत मधल्या. दोन्ही एकाच वेळी टिपलेल्या नसतात, सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं अंतर असतं. टीव्हीवर चालताना हे कळत नाही. पण चालती फ्रेम थांबवली की हलणाऱ्या प्रत्येक कडेला कंगव्यासारखे दात येतात. माणूस हलला तरी येतात, कॅमेरा फिरला तरी येतात. अर्ध्या ओळी गाळल्या तर दात जातात, पण चेहऱ्यातला अर्धा ऐवजही जातो. म्हणजे मला अशी फ्रेम हवी होती जिच्यात गुरुजीही स्थिर आहेत आणि मीही स्थिर आहे. गुरुजी बऱ्याचदा स्थिर होते. मीच नव्हतो.

परवा काकू येणार होत्या. मी निरोप पाठवला, आणखी चार दिवस लागतील. दुसऱ्या गिऱ्हाइकांची लग्नं पडून राहिली. त्या दिवसांत भारनियमन होतं, दुपारी चार-चार तास वीज नाही. यूपीएस कोकलायला लागला की मी वेळ वहीत टिपून घेई आणि वीज येईपर्यंत दुकानात घामाघूम बसून राही. माझा राग कोणावर होता ते मला सांगता आलं नसतं. समितीवर होता, साहेबांवर होता, टिनाच्या छपरावर होता. स्वतःवर यायला त्याला वेळ लागला.

पाचव्या दिवशी सापडली. शाल पांघरवण्याच्या आधीची जागा. गुरुजी व्यासपीठावर उभे, उजव्या बाजूने साहेब शाल उलगडत येताहेत. गुरुजी सरळ कॅमेऱ्यात बघतात. डोळे पूर्ण उघडे. आणि हसतात. मोठं नाही, ओठ जरासे ताणलेले, पण डोळ्यांपर्यंत पोचलेलं हसू. जवळजवळ एक सेकंद ते तसेच उभे आहेत, कॅमेराही हललेला नाही. मग ते एक पाऊल मागे होतात आणि साहेब फ्रेममध्ये भरतात.

मला इतका आनंद झाला की मी उठून दुकानात एक फेरी मारली. त्या पंचवीसांतल्या सगळ्या फ्रेमा पाहिल्या आणि चौदावी उचलली. पापणी सगळ्यात वर, चेहऱ्यावर एकही दात नाही. फक्त कोपऱ्यात साहेबांची शाल हलत होती, तिथे दात होते. तेवढ्याच भागातल्या ओळी गाळल्या.

मग कव्हर करायला घेतलं. डबीचं कव्हर उभं असतं आणि व्हिडिओची फ्रेम आडवी. सगळे जण फ्रेम कापून उभी करतात आणि चेहरा मोठा करतात. मीही करून पाहिला. साहेबांचा खांदा कापून टाकला आणि गुरुजींना अख्ख्या कव्हरभर केलं. चेहरा फुटला. गाल म्हणजे नुसते चौकोन. धार वाढवून पाहिली तर चेहरा मेणाचा झाला. व्हिडिओच्या फ्रेममध्ये मुळात ठिपकेच थोडे, तुम्ही कितीही ताणा, नसलेलं कुठून येणार? शेवटी फ्रेम आडवीच ठेवली, कव्हरच्या रुंदीइतकी, वरच्या भागात. खाली साधा बदामी रंग सोडला. हॅलोजनचा पिवळेपणा काढला, कपाळावरची चमक जरा दाबली. चेहरा चांगला आला. पण साहेबांचा खांदा राहिला. तो काढायला जावं तर गुरुजी फुटतात आणि गुरुजी नीट ठेवावेत तर साहेब राहतात. मी त्या बाजूचा उजेड कमी केला, एवढंच माझ्या हातात होतं.

अमरावतीच्या एका लॅबमध्ये कागद चांगला मिळायचा म्हणून मी एसटीने जाऊन एक नमुना काढून आणला. काकू आल्या. चष्मा लावला. कागद हातात घेतला, जवळ नेला, लांब धरला.

"हेच हायेत," त्या म्हणाल्या आणि कागद पुन्हा जवळ नेला. मग म्हणाल्या, "पण हे दवाखान्यातले दिसते, भाऊ."

"नाही काकू, मे महिन्यातलं आहे. सत्काराचं."

"मले काय समजते त्यातलं. पण मे महिन्यात हे एवढे वाळले नव्हते. चेहरा असा उतरला तो अमरावतीले गेल्यावर." त्यांनी बोटाने गालाची कड दाखवली. "इथून असा गेलेला. मी रोज पुसत होती न तोंड. मले ठाव हाये."

मी म्हटलं तुम्हाला तसं वाटतं. दुःखात वाटतं माणसाला. असं मी म्हटलं, आणि आज ते आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं. त्यांनी वाद घातला नाही. कागद घडी न करता पिशवीत ठेवला आणि म्हणाल्या, "बरं मंग."

त्या गेल्यावर मी स्क्रीनवर व्हिडिओ चालवला आणि शेजारी माझी फ्रेम उघडली. दोन्हीकडे तेच गुरुजी, तोच क्षण. आणि काकूंचं बरोबर होतं. कव्हरवरचे गुरुजी बारीक होते.

चूक साधी होती आणि आमच्यासारखेच लोक ती करू शकतात. व्हिडिओची फ्रेम आडव्यात सातशे वीस ठिपक्यांची. पण तिचे ठिपके चौरस नसतात, किंचित रुंद असतात. टीव्ही ते रुंद करूनच दाखवतो. फोटोच्या सॉफ्टवेअरला ठिपके चौरसच वाटतात. तीच फ्रेम तिथे नेली की सगळं दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखं अरुंद होतं. रुंदी सातशे अडुसष्ट करून घ्यायची असते. कितीतरी लग्नांची कव्हरं मी तशी रुंदी न वाढवता दिली होती. एकाही नवरीने तक्रार केली नव्हती, उलट खूश झाल्या असतील. पंधराला एक, एवढा फरक. तो दिसायला कोणीतरी तो चेहरा दीड महिना रोज पुसलेला असावा लागतो.

मी रुंदी नीट केली. गुरुजी भरले. मे महिन्यातले झाले. तेव्हा मी त्या हसण्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. माणूस कोणाकडे बघून इतकं चांगलं हसतो? कॅमेऱ्याकडे, म्हणजे माझ्याकडे. पण मी त्यांचा कोणी नव्हतो, त्या दिवशीच भेटलेलो. मग का? डीव्हीडीत त्या जागी मी सनई टाकली होती, आम्ही सगळीकडे टाकतो. खालचा मूळ आवाज बंद केलेला होता, पण पुसलेला नव्हता. सनई बंद करून मी तो चालू केला.

पंख्याची घरघर, लोकांची गडबड, आणि एकदम जवळून, कॅमेऱ्याच्या अगदी मागून, एक आवाज:

"गुरुजी, थोडं बाजूले व्हा. साहेब दिसून नाही राहिले."

आवाज माझा होता.

मला हे बोललेलं आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. मी हे सगळ्यांना म्हणतो, दिवसातून वीस वेळा. मी ते पुन्हा लावलं. मी बोलतो, गुरुजी कॅमेऱ्याकडे बघतात, हसतात, सरकतात. त्यांच्याच सत्कारात. मी आणखी एकदा लावलं आणि मग कॉम्प्युटर बंद केला. दुपार होती, वीज होती, गिऱ्हाईकही आलं होतं. त्याला म्हटलं, उद्या या.

दुसरी फ्रेम शोधायची असं मी ठरवलं. पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत गेलो. मूळ टेपाही काढल्या, कापून टाकलेला भाग पाहिला. नव्हती. त्या माणसाचा उघड्या डोळ्यांचा, पूर्ण, स्थिर चेहरा माझ्याकडे एवढाच होता, आणि तो असा मिळाला होता. दुसरा द्यावा तर नाही आणि हा द्यावा तर हात धजत नाही. कार्यक्रमाला आठ दिवस राहिले होते. मी पुन्हा अमरावतीला गेलो आणि नवा नमुना काढून आणला. काय करणार होतो?

काकू आल्या त्या दिवशी मी चहा मागवला होता. त्यांना सांगावं की नाही याचा विचार मी चार दिवस केला होता आणि ठरलं काहीच नव्हतं. आधी म्हटलं, "काकू, चूक माझी होती. चेहरा खरंच अरुंद झाला होता. तुम्हाला वाटत नव्हतं, तुम्हाला दिसत होतं." त्यांनी मान हलवली. त्यांना यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही.

नवा कागद त्यांनी काउंटरवर सपाट ठेवला आणि दोन्ही हातांनी कडा धरल्या. बराच वेळ बघत राहिल्या. चहावर साय धरली.

"आता हायेत," त्या म्हणाल्या. "आता हे हायेत." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "इथं कोणाकडे पाहून हासून राहिले हो?"

"माझ्याकडे," मी म्हटलं. "कॅमेऱ्याकडे."

"तुमी काय म्हटलं होतं त्यायले?"

सांगायची वेळ हीच होती. माझ्या तोंडून निघालं, "काही नाही. गुरुजी, इकडे पाहा, असं म्हटलं असेल."

काकूंनी कागदावरून नजर काढली नाही. "नाही भाऊ," त्या म्हणाल्या. "इकडे पाहा म्हटलं का यायचे डोळे मिटत. जन्मभर." त्यांनी हसण्याच्या जागेवर बोट ठेवलं, अगदी हलकं. "हे हासणं मले ठाव हाये. कोणी बाजूले सरा म्हटलं का हे असे हासत."

त्या चिडून बोलल्या नाहीत. घरातली एखादी वस्तू ओळखावी तसं त्यांनी ते ओळखलं होतं. 'मीच म्हटलं होतं' हे तीन शब्द मला बोलता आले नाहीत, आणि ते त्यांना ऐकायचे होते असंही मला वाटत नाही. त्यांना ते कळलं होतं.

"दुसरा कोणता नाही न?" त्यांनी विचारलं.

"नाही काकू."

"मंग हाच द्या. सगळे ओळखतीन." त्यांनी चहा प्यायला. मी विचारलं, खाली बदामी जागेत काय लिहू, नाव, तारीख? त्या म्हणाल्या, काही लिहू नका. आणि साहेबांच्या अंधाऱ्या खांद्याकडे बोट करून त्यांनी विचारलं, "हे निघते का?"

"काढलं तर गुरुजींचा चेहरा फुटतो."

"राहू द्या मंग," त्या म्हणाल्या.

पंचवीस डब्या मी स्वतः कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्यांच्या घरी पोचवल्या. बुद्धाच्या तसबिरीखाली टेबलावर त्यातली एक लगेच उभी केली गेली. येणारे तिच्याजवळ थांबत होते आणि म्हणत होते, किती छान हासले गुरुजी. काकू म्हणत, हो. मी दारात उभा होतो. मागून कोणीतरी पाहुण्यांना घेऊन आलं आणि मला म्हणालं, भाऊ, जरा बाजूले व्हा. मी सरकलो. मला हसता आलं नाही.